फोटोवरून लॅपटॉप चार्जरची पिन कशी ओळखायची

लॅपटॉपचा चार्जर बंद पडला की बहुतेक जण चार्जरच्या ठोकळ्यावरच्या लेबलाचा फोटो काढतात आणि तो दुकानदाराला किंवा ओळखीच्या कुणाला तरी पाठवतात. "असाच पाहिजे." लेबलावर व्होल्ट असतात, अँपिअर असतात, बऱ्याचदा ध्रुवतेचं, म्हणजे पिनची धन बाजू कुठली आणि ऋण कुठली हे सांगणारं, चिन्हही असतं. नसतं ते एकच, वायरच्या टोकाशी असलेल्या गोल पिनचं माप. त्यामुळे पुण्यातल्या तापकीर गल्लीत जा, नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा, काउंटरवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पिन कुठली?"

या प्रश्नाचं उत्तर फोटोवरून देता येतं. मात्र त्यासाठी पिनचे दोन वेगवेगळे फोटो लागतात, एक समोरून आणि एक बाजूने. पहिल्या फोटोला जे कळत नाही ते दुसरा सांगतो, आणि दुसऱ्याला जे कळत नाही ते पहिला. हा लेख मुख्यतः त्या दोन फोटोंबद्दल आहे. गोल पिन सोडून इतर चार्जर, म्हणजे लेनोवोची चौकोनी पिन किंवा टाइप-सी, यांचा विचार इथे केलेला नाही.

आधी पिनची रचना

गोल पिन म्हणजे एकात एक बसवलेल्या दोन धातूच्या नळ्या. बाहेरची नळी आपल्याला चकाकताना दिसते. तिच्या आत प्लास्टिकचं कडं असतं, ते दोन्ही नळ्यांना एकमेकींपासून वेगळं ठेवतं. त्या कड्याच्या आत दुसरी, बारीक नळी असते आणि तिच्या पोकळीत लॅपटॉपच्या जॅकमधला खिळा शिरतो. पिनचं माप दोन आकड्यांत सांगतात: ५.५ × २.५ याचा अर्थ बाहेरचा व्यास ५.५ मिलिमीटर आणि आतल्या भोकाचा व्यास २.५ मिलिमीटर. पिनची लांबी साधारण सेंटीमीटरभर असते. ती थोडीफार कमीजास्त असली तरी बहुधा चालून जाते, व्यास मात्र चुकून चालत नाही.

बाहेरचा व्यास चुकला तर पिन जॅकमध्ये शिरतच नाही किंवा ढिली बसते, आणि हे लगेच कळतं. आतलं भोक चुकलं तर गोष्ट जास्त फसवी होते. भोक लहान असेल तर ते जॅकच्या खिळ्यावर चढत नाही. जोर लावला तर खिळा वाकतो आणि मग लॅपटॉपच उघडावा लागतो. भोक मोठं असेल तर पिन छान आत जाते, चार्जिंगचा दिवाही लागतो, पण आतली नळी खिळ्याला नीट चिकटलेली नसते. लॅपटॉप जरा हलला की चार्जिंग तुटतं, ठिणग्या पडतात, आणि काही आठवड्यांत जॅक काळा पडतो. म्हणून मोजताना खरी काळजी घ्यायची ती भोकाची.

कोणते फोटो मागायचे

समोरच्या व्यक्तीकडून चार फोटो मागा. चार्जरचं लेबल, पिन समोरून, पिन बाजूने पट्टीसह, आणि लॅपटॉपच्या बुडाचं लेबल. चौथा फोटो लोक विसरतात, पण तो फार कामाचा आहे. घरात दोन-तीन लॅपटॉप असले की चार्जरांची अदलाबदल झालेली असते. बंद पडलेला चार्जर मुळात याच लॅपटॉपचा होता की मधे कुणी भलताच आणून लावला होता, हे बुडाच्या लेबलावरून पडताळता येतं. तिथे बहुधा लॅपटॉपला किती व्होल्ट आणि किती अँपिअर लागतात ते छापलेलं असतं. दोन्ही लेबलं जुळली नाहीत तर लॅपटॉपच्या लेबलावर विश्वास ठेवायचा.

व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि लेबलावरची बारीक अक्षरं पुसट होतात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, निदान एचडी पर्याय निवडायला सांगा. ३.४२ आणि ३.१२ यांतला फरक पुसट फोटोत दिसत नाही.

समोरून फोटो काढताना पिनचं तोंड थेट कॅमेऱ्याकडे असावं. फ्लॅश बंद ठेवावा, कारण चकाकत्या धातूवर तो सांडतो आणि कडा हरवतात. खिडकीकडे पाठ करून उभं राहिलं की दिवसाचा उजेड पिनच्या तोंडात शिरतो, आतली नळी चमकते आणि काळ्या प्लास्टिकपासून वेगळी दिसते. पिन थोडी तिरकी आली तर वर्तुळं अंडाकृती दिसतील. त्याने फार बिघडत नाही. अंडाकृतीची लांब बाजू हाच खरा व्यास असतो, फक्त आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही वर्तुळांची लांब बाजूच मोजायची.

बाजूने फोटो काढताना पिन टेबलावर आडवी ठेवायची आणि तिला लागून शाळेतली पट्टी ठेवायची. इथे एक चूक हमखास होते. पिनच्या मागचं रबरी बूड जाड असतं, त्यामुळे पिन टेबलापासून चार-पाच मिलिमीटर वर तरंगत असते आणि पट्टी मात्र टेबलावर असते. पिन कॅमेऱ्याच्या जास्त जवळ, म्हणून ती मोठी दिसते. फोन दहा सेंटीमीटरवर धरला आणि पिन पट्टीपेक्षा चार मिलिमीटर वर असली तर माप साधारण चार टक्के जास्त येतं: ५.५ ची पिन ५.७ दिसते. फोन तीस सेंटीमीटरवर नेऊन झूम केलं तर हीच चूक साधारण १.३ टक्क्यांवर येते. म्हणून दोन सूचना द्यायच्या: पट्टीखाली एखादी पातळ वही ठेवून ती पिनच्या उंचीला आणा, आणि फोन लांब धरून दुप्पट झूम करा. अगदी जवळ जाऊन काढलेला फोटो दिसायला स्पष्ट असतो, पण मोजायला वाईट.

पट्टी नसेल तर दहा रुपयांचं नाणं चालतं. त्याचा व्यास २७ मिलिमीटर आहे आणि जुन्या-नव्या दोन्ही नाण्यांत तो तेवढाच आहे. एक, दोन आणि पाच रुपयांची नाणी मात्र घेऊ नका. २०११ आणि २०१९ च्या मालिकांत त्यांचे आकार बदललेले आहेत आणि फोटोत नाणं कोणत्या मालिकेतलं हे ओळखण्यात वेळ जातो. एटीएम कार्डही चालेल, लांब बाजू ८५.६ मिलिमीटर. फक्त त्यावरचा नंबर झाकून फोटो काढायला सांगा.

लेबल वाचताना

लेबलावर दोन ओळी महत्त्वाच्या असतात. त्या साधारण अशा दिसतात:

```
INPUT:  100-240V~ 1.8A 50-60Hz
OUTPUT: 20V⎓3.25A 65W
```

पहिली ओळ भिंतीतल्या विजेची आहे. आकड्यापुढची नागमोडी रेघ म्हणजे एसी. आपल्याला हवी आहे दुसरी ओळ. तिथे एक सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असते, ते डीसीचं चिन्ह. घाईत लोक पहिल्या ओळीतले अँपिअर वाचतात आणि "१.८ अँपिअरचा चार्जर" शोधायला निघतात, मग काहीच जुळत नाही. वाचलेला आकडा बरोबर आहे का हे तपासायला गुणाकार करा. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट. २० गुणिले ३.२५ बरोबर ६५. लेबलावरही ६५ वॉट लिहिलेलं असेल तर वाचन बरोबर. फोटोत एखादा आकडा पुसट असला तर याच गुणाकाराने तो परत मिळवता येतो.

लॅपटॉपच्या चार्जरांत १९, १९.५ आणि २० हे व्होल्ट सर्रास दिसतात, एचपीच्या जुन्या चार्जरांवर १८.५ असतात. काही स्वस्त छोटे लॅपटॉप १२ व्होल्टवर, तर काही चक्क ५ व्होल्टवर चालतात. तिथे १९ व्होल्टचा चार्जर लागला तर आतलं सर्किट जळू शकतं. म्हणून "लॅपटॉप म्हणजे १९ व्होल्ट" असं गृहीत धरू नका, लेबल वाचा.

ध्रुवतेचं चिन्ह

आउटपुटच्या आसपास एक छोटं चित्र असतं: मधे भरीव ठिपका, त्याभोवती एका बाजूला उघडी असलेली कमान, आणि दोन्हीकडे रेघा जाऊन एका टोकाला अधिक, दुसऱ्या टोकाला वजा. ठिपका म्हणजे पिनचं आतलं भोक, कमान म्हणजे बाहेरची नळी. अधिक उजवीकडे आहे की डावीकडे याला काहीच अर्थ नाही, आणि नेमकं तिथेच लोक फसतात. बघायचं एवढंच की ठिपक्यातून निघालेली रेघ कुठल्या चिन्हाला जाऊन मिळते.

```
− ──( ●── +     आत धन
+ ──● )── −     हेही आत धन
+ ──( ●── −     आत ऋण
```

पहिल्या आणि दुसऱ्या चित्रात अधिक वेगवेगळ्या बाजूंना आहे, तरी अर्थ एकच: ठिपक्याची रेघ अधिककडे जाते, म्हणजे आत धन, बाहेर ऋण. तिसऱ्या चित्रात ठिपका वजाला जोडलेला आहे, तो उलट प्रकार. फोटोत हे चित्र तांदळाएवढं दिसतं, तेव्हा ते पूर्ण मोठं करून ठिपक्यापासून बोट फिरवत जावं. कमानीची उघडी बाजू कुठे आहे हे पाहिलं तरी ओळखता येतं, कारण ठिपक्याची रेघ त्या फटीतूनच बाहेर पडते.

गोल पिनचे लॅपटॉप चार्जर जवळजवळ सगळेच आत धन असतात. मग एवढं बघायचं कशाला? कारण जुना चार्जर लॅपटॉपचा असला तरी त्याच्या जागी लावायला निघालेला चार्जर कधीकधी लॅपटॉपचा नसतो. गिटारच्या पेडलचे अ‍ॅडॉप्टर बहुधा आत ऋण असतात, आणि टोकं बदलता येणाऱ्या 'युनिव्हर्सल' अ‍ॅडॉप्टरांपैकी काहींत टोक उलटं लावलं की ध्रुवता उलटते. उलटी वीज अडवणारी व्यवस्था बऱ्याच लॅपटॉपमध्ये असते, सगळ्यांत नसते, आणि आपल्या लॅपटॉपमध्ये ती आहे का हे लावून बघायची गोष्ट नाही.

फोटोवरून माप काढणं

आता मुख्य काम. यासाठी कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही. फोनच्या पडद्यावर फोटो मोठा करायचा आणि पडद्यावर पट्टी ठेवून मोजायचं. आपल्याला गुणोत्तर हवं आहे, त्यामुळे फोटो किती मोठा केला याने फरक पडत नाही, फक्त मोजत असताना झूम बदलायचा नाही. संगणकावर असाल तर पेंटमध्ये कर्सरची जागा पिक्सेलमध्ये खाली दिसते, त्यावरूनही हेच करता येईल.

समोरच्या फोटोत आतला व्यास भागिले बाहेरचा व्यास हे गुणोत्तर काढायचं. दोन्ही वर्तुळं एकाच पातळीवर आहेत, त्यामुळे पट्टी नसली तरी हे गुणोत्तर खरं असतं. बाजूच्या फोटोत पट्टीशी तुलना करून बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये काढायचा. मग दोन्ही उत्तरं घेऊन या तक्त्याकडे यायचं:

| पिन (मिमी) | गुणोत्तर | बहुधा कुठे |
|---|---|---|
| ५.५ × २.५ | ०.४५ | तोशिबा, जुने असूस, जुने लेनोवो आयडियापॅड |
| ५.५ × १.७ | ०.३१ | एसर |
| ४.० × १.७ | ०.४३ | लेनोवो आयडियापॅड |
| ४.० × १.३५ | ०.३४ | असूस |
| ३.० × १.१ | ०.३७ | एसर, सॅमसंग यांचे पातळ लॅपटॉप |
| ४.५ × ३.० | ०.६७ | एचपीची निळी पिन, डेलची छोटी पिन |
| ७.४ × ५.० | ०.६८ | एचपी व डेलची जुनी मोठी पिन |

कंपनीचं नाव इथे फक्त अंदाजासाठी दिलं आहे. एकाच कंपनीने दोन वर्षांच्या अंतराने वेगळी पिन वापरल्याची उदाहरणं भरपूर आहेत, म्हणून "लेनोवोचा द्या" एवढं सांगून चार्जर मागू नये.

एक उदाहरण शेवटपर्यंत करून बघू. नाशिकजवळच्या एका शिक्षिकेने लॅपटॉपच्या चार्जरचे फोटो पाठवले होते. लेबलावर २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर, ६५ वॉट, आणि ठिपका अधिकला जोडलेला. गावातल्या दुकानदाराकडे दोन चार्जर होते. एक ५.५ × २.५ पिनचा, दुसरा त्याच्या म्हणण्याप्रमाणे "छोट्या पिनचा, चारचा".

समोरचा फोटो फोनवर मोठा केला तेव्हा बाहेरचं वर्तुळ ४८ मिलिमीटर भरलं आणि आतलं २०. गुणोत्तर ०.४२. तक्त्यात याच्या जवळ दोन पिना आहेत: ४.० × १.७ आणि ५.५ × २.५. एका वर्तुळाच्या कडेवर पट्टी एक-दोन मिलिमीटर सरकली तरी उत्तर एकीकडून दुसरीकडे जाईल. म्हणजे एकट्या समोरच्या फोटोवर हा निर्णय होत नाही.

मग बाजूचा फोटो. त्यात पट्टीवरचे दहा मिलिमीटर पडद्यावर ६२ मिलिमीटर भरले आणि पिनची जाडी २५. पंचवीस भागिले बासष्ट गुणिले दहा, म्हणजे ४.०३ मिलिमीटर. पिन ५.५ ची असती तर ती पडद्यावर ३४ भरली असती, एवढा मोठा फरक मोजण्याच्या चुकीतून येत नाही. बाहेरचा व्यास ४.० हे नक्की झालं.

आता ४.० मध्येही दोन प्रकार: १.७ आणि १.३५. हे बाजूच्या फोटोत दिसणं शक्यच नाही, बाहेरून दोन्ही पिना सारख्याच. परत समोरच्या फोटोकडे. भोक १.३५ चं असतं तर गुणोत्तर ०.३४ आलं असतं, म्हणजे आतलं वर्तुळ २० ऐवजी १६ मिलिमीटर भरलं असतं. चार मिलिमीटरचा फरक डोळ्यांना सहज दिसतो. पिन ठरली, ४.० × १.७.

दुकानदाराकडच्या "चारच्या" चार्जरचे तसेच दोन फोटो मागवले. भोक १.३५ चं निघालं, आणि लेबलावर १९ व्होल्ट. तो असूसचा होता. तो या लॅपटॉपच्या खिळ्यावर चढलाच नसता. बाईंनी दुकानदाराला माप सांगितलं आणि त्याने योग्य चार्जर शहरातून मागवून दिला.

आतलं वर्तुळ मोजताना दोन ठिकाणी चूक होते. प्लास्टिकच्या कड्याला आत उतरती कड असते, ती भोकाचाच भाग समजून मोजली तर भोक मोठं भरतं. मोजायचं ते आतली धातूची नळी जिथे सुरू होते तिथलं वर्तुळ. आणि काही पिनांत आतली नळी सलग नसून दोन पात्यांची असते, ती मधे थोडी जवळ आलेली दिसतात आणि भोक लहान भासतं. शंका राहिली तर दुसऱ्या दिवशीच्या उजेडात पुन्हा फोटो मागवा. ५.५ × २.१ आणि ५.५ × २.५ यांतला फरक फोटोत खात्रीने सांगणं अवघड असतं. २.१ ची पिन राउटर, सेट-टॉप बॉक्स, सीसीटीव्ही यांच्या १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरांवर असते, त्यामुळे तिथे व्होल्ट पाहूनच निवाडा करावा. याच कारणाने लॅपटॉपचा ५.५ च्या पिनचा १९ व्होल्टचा चार्जर राउटरशेजारी मोकळा ठेवू नये. २.५ ची पिन राउटरच्या २.१ च्या जॅकमध्ये सहज शिरते आणि राउटर संपतो.

आत सुई दिसली तर

गुणोत्तर ०.६७ च्या आसपास आलं आणि भोकाच्या मधोमध बारीक सुई दिसली, तर सगळा हिशोब बदलतो. अशा पिनमध्ये तीन जोडण्या असतात: बाहेरची नळी ऋण, तिच्या आतली भिंत धन, आणि मधली सुई वीज देण्यासाठी नसून चार्जर ओळखण्यासाठी असते. डेलच्या चार्जरमध्ये एक छोटी चिप असते, लॅपटॉप सुईतून तिच्याशी बोलून चार्जर किती वॉटचा आहे ते विचारतो. उत्तर मिळालं नाही तर पडद्यावर असा संदेश येतो:

```
The AC power adapter wattage and type cannot be determined.
```

मग लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर मुद्दाम मंद केला जातो. एचपीची ओळख पटवण्याची पद्धत वेगळी आहे. म्हणजे एचपीची निळी पिन आणि डेलची छोटी पिन यांचं माप ४.५ × ३.० असं एकच, दोन्हीकडे १९.५ व्होल्ट, दोन्ही आत धन, तरी एकाचा चार्जर दुसऱ्याला लावून भागत नाही. सुईच्या पिनबाबत कंपनी जुळलीच पाहिजे. विक्रेते अशा पिनचं माप कधीकधी ७.४ × ५.० × ०.६ असं तीन आकड्यांत लिहितात, तिसरा आकडा सुईच्या जाडीचा. काही जण मधला आकडा गाळून ४.५ × ०.६ लिहितात, ती वेगळी पिन समजू नये.

सुई फोटोत वाकलेली किंवा तुटलेली दिसली तर थोडं थांबा. कदाचित चार्जर बिघडलेलाच नाही, फक्त ओळख पटत नाहीये. आणि तुटलेला तुकडा लॅपटॉपच्या जॅकमध्ये अडकला असेल तर नवा चार्जरही तेच करेल. जॅकमध्ये टॉर्च मारून तोही फोटो मागवा.

नवा चार्जर निवडताना

व्होल्ट तेच हवेत. १९ आणि १९.५ एकमेकांच्या जागी सहसा चालून जातात, पण नेमका आकडा मिळत असताना तडजोड कशाला करायची? अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात. लॅपटॉप त्याला हवे तेवढेच अँपिअर ओढतो, ९० वॉटचा चार्जर ६५ वॉटच्या लॅपटॉपला जास्त वीज ढकलत नाही. कमी अँपिअरचा मात्र घेऊ नका. तो तापतो, मधेच बंद पडतो, किंवा लॅपटॉप चालू असताना बॅटरी चढतच नाही.

ऑनलाइन शोधताना कंपनीच्या नावाआधी आकडे टाका, निकाल लगेच नेमके होतात:

```
20V 3.25A 65W 4.0*1.7mm adapter
```

भारतात विकल्या जाणाऱ्या अ‍ॅडॉप्टरवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, नोंदणी क्रमांक असावा लागतो. तो R- ने सुरू होतो. बीआयएस केअर नावाच्या ॲपमध्ये तो टाकून कोणाच्या नावावर आहे ते बघता येतं. लेबलाच्या फोटोत हा क्रमांकच नसेल तर मी तो चार्जर सुचवत नाही, किंमत कितीही कमी असली तरी. पैसे देण्याआधी विक्रेत्याकडूनही पिनचे तेच दोन फोटो मागून घ्या आणि गुणोत्तर काढा. 'सूटेबल फॉर' म्हणून दिलेल्या लांबलचक मॉडेलच्या यादीपेक्षा हे दोन फोटो भरवशाचे.

पिन बदलणारी छोटी जोडणी, म्हणजे ५.५ × २.५ वरून ४.० × १.७ करणारा कन्व्हर्टर, तात्पुरता चालतो, जर व्होल्ट, अँपिअर आणि ध्रुवता जुळत असेल. सुईच्या लॅपटॉपला तो लावून उपयोग नसतो, कारण साध्या पिनच्या चार्जरकडे सुईला सांगायला काहीच नसतं.

हातात आल्यावर

मल्टिमीटर असेल तर लॅपटॉपला लावण्याआधी एकदा मोजा. डायल डीसी व्होल्टच्या २०० वर ठेवा. बाजारात मिळणाऱ्या पिवळ्या स्वस्त मीटरचा २० चा टप्पा १९.९९ पर्यंतच दाखवतो, त्यामुळे २० व्होल्टच्या चार्जरला पडद्यावर नुसता १ दिसतो आणि चार्जर बिघडलाय असं वाटतं. लाल टोक पिनच्या भोकात, काळं बाहेरच्या नळीला. भोक बारीक असेल तर आधी, चार्जर बंद असताना, त्यात तांब्याच्या तारेचा तुकडा घाला आणि लाल टोक तारेला लावा. तार बाहेरच्या नळीला टेकू देऊ नका, टेकली तर शॉर्ट होऊन चार्जर स्वतःला बंद करून घेतो. तसं झालं तर प्लग काढून मिनिटभर थांबा, बहुतेक चार्जर परत चालू होतात. सुईच्या पिनमध्ये लाल टोक सुईला न लावता आतल्या भिंतीला लावायचं. आकडा लेबलाच्या जवळ आला आणि त्याच्यापुढे वजाची खूण नसेल तर व्होल्ट आणि ध्रुवता दोन्ही बरोबर. वजा दिसला तर टोकं उलटी धरली नाहीत ना ते बघा, आणि तरीही वजाच असेल तर चार्जर परत करा.

मग पिन जॅकमध्ये घाला, जोर न लावता. ती बुडापर्यंत बसली पाहिजे, फट राहता कामा नये. हलकेच फिरवून बघा, चार्जिंगचा दिवा लुकलुकायला नको. लॅपटॉपवर नेहमीचं काम सुरू करा आणि पंधरा-वीस मिनिटांनी पिनच्या बुडाला बोट लावा. चार्जरचा ठोकळा कोमट होणं ठीक आहे. पण पिन स्वतः गरम लागत असेल तर आतली नळी खिळ्याला पुरती टेकत नाहीये, म्हणजे भोकाचं माप चुकलं आहे. तेव्हा चार्जर लगेच काढा आणि समोरचा फोटो पुन्हा मोजायला घ्या.